झडपा मिटल्यावरची सात मिनिटं

भर दुपारी जलविद्युत केंद्राच्या लाइनवर बिघाड होतो, ब्रेकर उघडतो आणि पूर्ण भारावर चाललेली चारही मशीन एकदम मोकळी होतात. मशीनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर आठ-दहा सेकंदांत टर्बाइनच्या झडपा, म्हणजे गाइड व्हेन, मिटवतो. टर्बाइनकडे उतरणाऱ्या नळाच्या, म्हणजे पेनस्टॉकच्या, दाबमापकाचा काटा उसळतो, थरथरतो, स्थिरावतो. सगळे सुस्कारा सोडतात. नेमकी इथेच माझी चिडचिड सुरू होते. खालची धावपळ आटोपली असली तरी वर, डोंगराच्या पोटात, पाण्याची गोष्ट आत्ता कुठे सुरू झालेली असते.

कोयनेचंच बघा. शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या खालून बोगद्यातून येतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहाकडे उतरतं. बोगदा संपून उभा उतार सुरू होतो, तिथे उल्लोळ विहीर असते. कामावरची माणसं तिला सर्ज टँक म्हणतात. पेनस्टॉकमधली दाबाची लाट सेकंदाला हजारेक मीटर धावते. ती या विहिरीच्या मोकळ्या पाण्यावर आपटून परतते, म्हणून लांबलचक बोगदा तिच्या तडाख्यातून वाचतो. हे काम काही सेकंदांत संपतं. त्यानंतर उरतं ते बोगद्यातलं पाणी. त्याला झडप मिटल्याची खबर असते, पण थांबायची सवड नसते.

हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. ते कोयनेचे नाहीत, पण त्याच जातीचे आहेत. बोगदा 4000 मीटर लांब, छेद 30 चौरस मीटर, वेग सेकंदाला 4 मीटर, म्हणजे प्रवाह 120 क्युमेक, सेकंदाला 120 घनमीटर. विहिरीचा व्यास 20 मीटर, म्हणजे क्षेत्रफळ 314 चौरस मीटर. बोगद्यात सव्वा लाख टनांच्या आसपास पाणी माणूस धावतो तेवढ्या वेगानं येतंय. त्याची गतिज ऊर्जा काढली तर 960 मेगाज्यूल भरते, म्हणजे सुमारे 267 युनिट. एखाद्या घराचं उन्हाळ्यातलं महिन्याचं बिल! पण हे बिल एकाच विहिरीत दोन मिनिटांत भरायचं असतं, आणि ते पाणी उंच उचलूनच भरता येतं.

किती उंच आणि किती वेळात, यासाठी घर्षण विसरून दोन सूत्रं पुरतात:

```
T = 2π √( L·As / (g·At) )
Z = V √( L·At / (g·As) )
```

L बोगद्याची लांबी, At त्याचा छेद, As विहिरीचा छेद, V बोगद्यातला वेग, g गुरुत्व त्वरण. आपल्या आकड्यांत आवर्तकाळ T, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, 410 सेकंद येतो, पावणेसात मिनिटांहून थोडा जास्त, आणि आयाम Z, म्हणजे झोका मधल्या पातळीपासून जितका वर किंवा खाली जातो ते अंतर, 25 मीटर. आवर्तकाळाच्या सूत्रात वेगही नाही आणि वीजगृहाचा शीर्षही, म्हणजे पाणी किती उंचीवरून येतं तेही, नाही. एक मशीन सुटो की चारही, झोका तेवढ्याच वेळाचा. फक्त लहान किंवा मोठा. विहिरीचा व्यास दुप्पट केला तर आयाम निम्मा होतो, पण आवर्तकाळ दुप्पट होतो आणि खोदकाम चौपट. या चौपटीपाशी बहुतेकांची हौस फिटते.

आता घर्षण आत घेऊ. पूर्ण प्रवाहात बोगद्यात 7 मीटर शीर्ष खर्ची पडतो असं धरलं, तर भार सुटण्यापूर्वी विहिरीतलं पाणी जलाशयाच्या पातळीपेक्षा 7 मीटर खाली असतं. भार सुटला की ते सेकंदाला 38 सेंटिमीटर या दरानं चढू लागतं आणि दोनेक मिनिटांत जलाशयाच्या वर साडेवीस मीटरवर जाऊन थबकतं. मग उलटं. बोगद्यातलं पाणी चक्क जलाशयाकडे परत वाहू लागतं आणि विहीर जलाशयाच्या पातळीखाली जवळजवळ 15.7 मीटरपर्यंत उतरते. पुढची चढण जलाशयाच्या वर 12.7 मीटरपर्यंत. घर्षण वेगाच्या वर्गावर चालतं, म्हणून मोठे झोके पटकन लहान होतात, पण लहान झोके काही केल्या संपत नाहीत. तासाभरानंतरही तीन-साडेतीन मीटरची ये-जा चालूच असते. विहिरीच्या पातळीचा आलेख हाताशी असेल तर पाठोपाठच्या टोकांच्या जलाशयापासूनच्या मीटरमधल्या अंतरांचे व्यस्तांक घेऊन पाहावेत. त्यांच्यातला फरक जवळपास कायम राहतो, इथे 0.015. आधीच्या चाचणीपेक्षा तो बराच वाढला असेल, तर बोगद्याचं अस्तर खडबडीत झालंय किंवा तोंडाच्या जाळीत कचरा अडकलाय, असा संशय घ्यायला जागा आहे. आवर्तकाळ मात्र तेवढाच राहायला हवा. तो बदलला तर आधी पातळी मोजणारं यंत्र तपासावं, बोगदा नंतर.

विहिरीचा माथा ठरवताना जलाशय भरलेला धरतात आणि घर्षण कमीत कमी. तळ ठरवताना जलाशय किमान पातळीवर आणि घर्षण जास्तीत जास्त. माथ्याची चूक लगेच दिसते, पाणी बाहेर सांडतं. तळाची चूक दिसत नाही. पातळी पेनस्टॉकच्या तोंडाजवळ आली की भोवरा पडतो, हवा आत ओढली जाते, आणि ती खाली टर्बाइनपाशी काय करते ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको.

ही तळाची वेळ नुसता भार सुटल्यानं सहसा येत नाही. ती येते भार परत घेताना. दोष दूर झाला, रिले रिसेट झाले, मशीन पुन्हा ग्रिडला जोडायला चांगल्या माणसांना चारेक मिनिटं लागतात, आणि चपळाईचं कौतुकही होतं. पण त्याच चार मिनिटांच्या आसपास, नेमकं म्हणजे पावणेचार मिनिटांना, विहिरीची पातळी जलाशयाइतकी दिसते आणि बोगद्यातलं पाणी सेकंदाला 2.8 मीटर वेगानं उलटं पळत असतं. पडद्यावर पातळी बघणाऱ्याला वाटतं, सगळं जागेवर आलं. त्या क्षणी चारही मशीनचा 120 क्युमेक मागितला, तर बोगद्याला उणे 2.8 वरून अधिक 4 वर यावं लागतं. हा 6.8 चा फरक विहीर भरून काढते. ढोबळ हिशेबानं पाणी साडेबेचाळीस मीटर खाली जातं. शांत बोगद्यातून तोच भार घेतला असता तर 25.

साडेतीन मिनिटं आणखी थांबलं, तर पातळी पुन्हा तिथेच असते, पण या वेळी चढत असते. बोगद्यातलं पाणी सेकंदाला 2.2 मीटरनं आपल्याच बाजूला येत असतं. तोच भार, तीच पातळी, आणि घसरण 11 मीटरच्या आसपास. म्हणून माझ्या मते पातळीच्या आकड्याशेजारी पातळी चढते की उतरते याचा बाण हवाच. बऱ्याच पडद्यांवर तो नसतो.

विहिरीच्या तळाशी अरुंद छिद्र ठेवून झोका लवकर शमवता येतो. पण छिद्र फार लहान केलं तर दाबाची लाट विहिरीत न शिरता सरळ बोगद्यात घुसते, आणि विहीर खोदून काय मिळवलं हा प्रश्न उरतो.

आता भार वाटपाच्या केंद्रातून फोन येणार, मेगावॅट कधी देता म्हणून. घड्याळाचा हिशेब त्यांना पटला तर उत्तम. नाही पटला तर निदान एकच मशीन घ्यावं. तीस क्युमेकला सर्वांत वाईट क्षणीसुद्धा घसरण 24 मीटरच्या आसपास राहते. बाकीची तीन मग चढत्या पाण्यावर, एकेक करून.