आमची वाटचाल : लॉगिनची नोंद कोणाकडे?

आमचे बिलिंग सॉफ्टवेअर खत-बियाण्यांच्या घाऊक विक्रेत्यांकडे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालले. त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते त्या वर्षाविषयी, जेव्हा एका प्रतिस्पर्ध्याने ‘यांचे सेशन जुनाट, आमचे टोकन आधुनिक’ एवढ्या भांडवलावर आमचे निम्मे ग्राहक नेले आणि पगार भागवण्याचीही पंचाईत झाली.

आमची सेशनची पद्धत साधी होती. पासवर्ड जुळला की सर्व्हर एक यादृच्छिक क्रमांक तयार करतो, आपल्या तक्त्यात त्याची नोंद ठेवतो आणि तो ब्राउझरला कुकीतून देतो.

```
Set-Cookie: sid=9f3c...; HttpOnly; Secure; SameSite=Lax
```

पुढे प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर ही कुकी आपणहून पाठवतो आणि सर्व्हर तक्ता पाहून माणूस ओळखतो. `HttpOnly` असल्याने पानावरील जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. ती आपोआप जात असल्यामुळे परक्या संकेतस्थळावरून फसवी विनंती घडवली जाण्याचा जो धोका असतो, तो `SameSite` बऱ्याच अंशी रोखते.

प्रतिस्पर्ध्याने वापरलेल्या जेडब्ल्यूटी प्रकारच्या बेअरर टोकनमध्ये वापरकर्ता, त्याचे अधिकार आणि मुदत टोकनातच लिहिलेली असतात व त्याखाली सर्व्हरची डिजिटल सही असते. ॲप ते `Authorization: Bearer` या हेडरमधून स्वतः पाठवते, आणि सर्व्हर सही व मुदत तपासून मोकळा होतो. तक्ता लागतच नाही. अनेक सर्व्हर असतील किंवा मोबाइल ॲप असेल, तर ही मोठी सोय आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

आमचे सर्वांत जुने ग्राहक, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, तेही तिकडे गेले होते. त्यांनी एका कारकुनाला कामावरून काढले, त्याचे खाते बंद केले, पासवर्डही बदलला. तरीही त्याच्या घरच्या संगणकावरून दरपत्रक बदलले जात राहिले. काकांनी मला बोलावले. ब्राउझरच्या `localStorage` मधले टोकन उलगडून पाहिले, तर आत हे होते:

```
"iat": 1717200000, "exp": 1719792000
```

`iat` म्हणजे टोकन दिल्याची वेळ, `exp` म्हणजे त्याची मुदत संपण्याची वेळ. दोहोंतील फरक 25,92,000 सेकंद, म्हणजे पूर्ण 30 दिवस. सही खरी होती, मुदत शिल्लक होती, आणि खाते बंद झाल्याचे सर्व्हर कोठे पाहतच नव्हता. आमच्याकडे त्या कारकुनाच्या नोंदी तक्त्यातून पुसल्या असत्या, की पुढच्याच क्लिकला लॉगिनचे पान आले असते.

काका परतले, त्यांच्यामागून इतरही आले. पुढे मोबाइल ॲपसाठी आम्हीही टोकन घेतले, पण 15 मिनिटांच्या मुदतीचे. नवे टोकन मिळवण्यासाठी लागणारे रिफ्रेश टोकन मात्र आमच्या तक्त्यात नोंदलेले असते व केव्हाही रद्द करता येते. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी विकत घेण्यापूर्वी `exp` मधून `iat` वजा करून पाहावे. त्या प्रतिस्पर्ध्याने आता असाच तक्ता ठेवला आहे, आणि ‘तत्काळ लॉगआउट’ या नावाने त्याचे वेगळे पैसे आकारतो.