न झालेल्या दोन सर्व्हिसचे पैसे

नाशिकमधील इंदिरानगरचा आमचा फ्लॅट ऑगस्टमध्ये विकला गेला. खरेदीखताची नोंदणी, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, वीजमीटरवरील नाव बदलणे या धांदलीत पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार मी पार विसरून गेले होते. ताबा देऊन तीन आठवडे झाल्यावर, तिसरी सर्व्हिस ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ठरल्याचा कंपनीचा संदेश आला, तेव्हा तो आठवला.

करार एप्रिल ते मार्च असा होता. झुरळे आणि मुंग्यांसाठी दर तीन महिन्यांनी एक, अशा चार सर्व्हिस ठरल्या होत्या, आणि त्यांचे ४,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटीचे ७२० असे एकूण ४,७२० रुपये मी आगाऊ भरले होते. एप्रिल आणि जुलैमधील सर्व्हिस झाल्या होत्या. आधी मी फोन करून ऑक्टोबरची भेट रद्द करून घेतली, कारण नव्या मालकांनी त्या माणसाला घरात घेऊन कागदावर सही केली असती, तर ती सर्व्हिस माझ्याच खात्यातून वजा झाली असती. त्याच दिवशी पत्र लिहिले. त्यातील मुख्य मजकूर असा होता:

“उपरोक्त फ्लॅटची मी विक्री केली असून ३० ऑगस्ट रोजी त्याचा ताबा खरेदीदारांना दिला आहे. करार याच जागेपुरता असून दुसऱ्या पत्त्यावर वर्ग करता येत नाही, असे आपल्या अटींत नमूद आहे. या जागेत आपल्या कर्मचाऱ्यांना प्रवेश देण्याचा अधिकार आता मला नसल्यामुळे उर्वरित सेवा घेणे मला शक्य नाही. म्हणून करार ताब्याच्या तारखेपासून संपुष्टात आणावा आणि चारपैकी न झालेल्या दोन सर्व्हिसचे २,००० रुपये व त्यावरील जीएसटी ३६० रुपये, असे एकूण २,३६० रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत.”

पत्रासोबत करार, पावती, झालेल्या दोन्ही सर्व्हिसचे सही केलेले कागद आणि विक्रीची सरकारी नोंद दाखवणाऱ्या सूची क्रमांक दोनची प्रत जोडली. सूचीवर दोन्ही पक्षांचे पॅन क्रमांक असतात, म्हणून प्रत काढण्यापूर्वी ते, तसेच खरेदीदारांचा पत्ता आणि व्यवहाराची रक्कम मी कागदाच्या पट्टीने झाकले. फ्लॅट कितीला गेला, हे पेस्ट कंट्रोलवाल्यांना कळण्याचे काही कारण नव्हते. पत्र ईमेलने पाठवले आणि स्पीड पोस्टनेही.

आठवड्याने शाखेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. “मॅडम, तुमच्या तीन सर्व्हिस झाल्यात, एकच बाकी आहे,” असे ते म्हणाले. मी चक्रावले. मग लक्षात आले, की मे महिन्यात सिंकखालच्या कपाटात पुन्हा झुरळे दिसल्यामुळे मी तक्रार केली होती आणि त्यांचा माणूस येऊन जेलचे ठिपके पुन्हा लावून गेला होता. (आधीचे ठिपके कामवाल्या मावशींनी फिनेलने पुसून टाकले होते, हे मी त्याला तेव्हाच सांगितले होते.) करारानुसार दोन सर्व्हिसच्या मधल्या तक्रारीची भेट विनामूल्य होती. कंपनीच्या नोंदीत मात्र तीही सर्व्हिस म्हणून धरली गेली होती. सुदैवाने मेचा कागद माझ्या फाइलमध्ये होता आणि त्यावर ‘नियमित’ऐवजी ‘तक्रार’ या चौकोनात खूण होती. तो मी पत्राला जोडलाच नव्हता, कारण हिशेबात त्याचा संबंध नाही असे मला वाटले होते. ती माझी चूक. त्याचे छायाचित्र पाठवल्यावर तो मुद्दा तिथेच संपला.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. पहिल्या भेटीत संपूर्ण घरात फवारणी आणि जेल अशी दोन्ही कामे होतात, नंतरच्या भेटींत मुख्यतः जेलच असते, म्हणून चारही सर्व्हिसची किंमत सारखी धरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिलमध्ये भांडी बाहेर काढून स्वयंपाकघर रिकामे करावे लागले होते आणि काम दोन तास चालले होते, तर जुलैमध्ये ते वीस मिनिटांत आटोपले होते, हे मी स्वतः पाहिले होते. त्यांनी पहिल्या सर्व्हिसचे १,६०० आणि पुढच्या प्रत्येकीचे ८०० असा हिशेब मांडला. त्याप्रमाणे दोन सर्व्हिसचे १,६०० आणि जीएसटीचे २८८, असे १,८८८ रुपये होत होते. ४७२ रुपयांसाठी ताणण्यात अर्थ नव्हता. शिवाय करारात परताव्याबद्दल एक अक्षरही नव्हते. ‘रक्कम परत मिळणार नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असते, तर माझे पत्र केवळ विनंतीच ठरले असते.

जीएसटी सरकारकडे भरला गेला असल्याने तो परत देता येणार नाही, असेही त्यांच्या लेखा विभागाने सुरुवातीला कळवले. मूळ बिलावर कंपनी क्रेडिट नोट काढू शकते आणि त्या आधारे आपले करदायित्व कमी करून घेऊ शकते, हे मी ईमेलने लिहिले, तेव्हा त्यांनी पुढे वाद घातला नाही. पत्र पोहोचल्यापासून एकोणिसाव्या दिवशी १,८८८ रुपये खात्यात आले आणि दुसऱ्या दिवशी क्रेडिट नोट. तिच्यावर करार ३० ऑगस्टपासून बंद झाल्याचे लिहिले आहे ना, एवढे पाहून मी ती मेच्या कागदाशेजारी लावून ठेवली.