इसार परत केला, तरीही

आज दुपारी तीन लाख रुपये आरटीजीएसने, जो जमीन विकत घेणार होता त्याच्या खात्यावर गेले. ज्या खात्यातून इसाराचा चेक आला होता, त्याच खात्यावर, वकिलांनी बजावलं होतं तसे. ‘साठेखत रद्द, इसाराची पूर्ण रक्कम परत पाठवली, पोहोच द्या’ असं लिहून पाठवलं. उत्तर आलं ते फक्त अंगठ्याचं चिन्ह.

तेव्हापासून चैन नाही. चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. शब्द त्याने पाळला नाही, मग मोडल्यासारखं मला का वाटावं?

साठेखतात तीन महिन्यांची मुदत होती. बाकी रक्कम त्याने भरायची आणि मी खरेदीखत करून द्यायचं. तो बँकेच्या कर्जावर विसंबून होता. ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणाला आणि मी बरं म्हटलं. नंतर पुन्हा तेच. वकील म्हणाले, मुदत वाढवून दिलीत की मूळ तारखेचा जोर कमी होतो. आता लेखी नोटीस देऊन नवी, अखेरची तारीख द्या, आणि त्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर साठेखत रद्द होईल हे स्पष्ट लिहा. तशी नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. पोहोचपावतीवर त्याची सही आहे. तारीख उलटली, पैसे आले नाहीत.

दादा अजून चिडलेला आहे. ‘इसार जप्त करायचं कलम होतं ना? मग परत कशाला दिलास?’ होतं. पण पैसे दाबून ठेवले आणि तो कोर्टात गेला, तर? खरेदीखत करून मिळावं म्हणून दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. पैसे भरायला आपण तयार होतो, हे त्याला दाखवावं लागेल. पण त्याला ते जमेल की नाही, याचा निकाल लागेपर्यंत भांडणातली जमीन घेणार कोण? हे दादाला सांगून झालं. आईच्या औषधांचं बिल पाहून त्याचं म्हणणं... असो.

की मला निव्वळ चांगलं म्हणवून घ्यायचं होतं? तसं असेल तर तीन लाखांत एक अंगठा. महागात पडला.

वकिलांना तो दाखवला तर हसले. म्हणे, बँकेची नोंद आहेच, याचीही प्रिंट काढून ठेवा, पण त्यावर थांबू नका. साठेखत नुसतं नोटरी केलेलं आहे, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं नाही. तरी मूळ कागद त्याच्याकडे आहे. तो परत घ्या आणि दोघांच्या सह्यांचा रद्दलेख करून घ्या. रक्कम पूर्ण मिळाली, आता काही हक्क उरला नाही, हे त्याच्या सहीने लिहून आलेलं बरं.

संध्याकाळी फोन केला. आवाज पडलेला होता. सोमवारी येतो म्हणाला, मग म्हणाला, बुधवारी आलो तर चालेल का?

चालेल म्हटलं. दादाला अजून सांगितलेलं नाही.