दाजींचा हिस्सा आणि भोसरीचा गाळा

2010 साली मी आणि दाजींनी भोसरीत 40 लाखांना गाळा घेतला. निम्मे-निम्मे भागीदार, म्हणून गाळाही भागीदारी संस्थेच्या मालमत्तेत दाखवला. दरवर्षी उरलेल्या किमतीवर 10 टक्के घसारा मिळायचा, नफ्यावरचा कर कमी व्हायचा. तेव्हा एवढंच डोळ्यासमोर होतं.

2022 मध्ये दाजींनी निवृत्त व्हायचं ठरवलं. म्हणाले, "गाळा मला दे, मशिनं आणि गिऱ्हाइकं तू ठेव." मला ते रास्त वाटलं. सीएंनी मात्र वही पुढे ओढली. बारा वर्षांच्या घसाऱ्यानंतर पुस्तकात गाळा सव्वाअकरा लाखांचा उरला होता आणि बाजारभाव होता 90 लाख. गाळा दाजींना दिला की संस्थेने तो बाजारभावाने विकला असं कायदा धरतो. फरक जवळपास पावणेएकोणऐंशी लाख. घसारा घेतलेल्या इमारतीवरचा नफा अल्पकालीन मानला जातो, म्हणजे संस्थेच्या 30 टक्के दराने आणि उपकरासह साडेचोवीस लाख कर. हातात पैसा एकही येत नाही, कर मात्र संस्थेने भरायचा. शिवाय गाळा संस्थेनेच विकत घेतलेला, त्यामुळे दाजींच्या नावावर करताना खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क वेगळं.

मग गाळा संस्थेतच ठेवून दाजींना पैसे द्यायचं ठरलं. यातही कर सुटत नाही, हे मला तेव्हा कळलं. निवृत्त भागीदाराला त्याच्या भांडवली खात्यातल्या शिलकेपेक्षा जास्त दिलं, की ती वाढीव रक्कम संस्थेचा नफा ठरते. गाळ्याची किंमत पुस्तकात आधी वाढवून घेतली तरी ती वाढ हिशेबात धरत नाहीत. दाजींच्या वाट्याची वाढ 39 लाखांच्या आसपास होती, म्हणून कर निम्म्यावर आला, बारा लाखांच्या घरात. तो कोणी सोसायचा हे आम्ही रिटायरमेंट डीडमध्येच लिहिलं. घरातली माणसं असल्यामुळे तर ते जास्तच गरजेचं होतं. पुढे गाळा विकू तेव्हा हे 39 लाख पुन्हा करात येऊ नयेत म्हणून फॉर्म 5सी मुदतीत भरला.

आणखी एक गोष्ट. दोघांचीच भागीदारी असेल आणि एकजण बाहेर पडला, तर संस्थाच संपते. म्हणून डीडवर सह्या होण्याआधी मी पत्नीला भागीदार करून घेतलं.

गेल्या वर्षी शेजारचा गाळा घेतला तो माझ्या स्वतःच्या नावाने. संस्था मला भाडं देते. तिला तो खर्च, आणि माझ्या भाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते. घसारा गेला, हे खरं. पण भागीदार आले-गेले तरी त्या गाळ्याला धक्का नाही, आणि उद्या तो विकून घर घेतलं तर अटी पाळून वैयक्तिक करसवलत मिळू शकते, जी संस्थेला मिळत नाही. कंपनीचाही विचार केला होता. तिथे शेअर बदलतात, मालमत्तेचं खत बदलावं लागत नाही. पण गाळा कंपनीतून स्वतःकडे आणायचा म्हटला, की पुन्हा विक्रीच.