आठ कोर इकडेही, आठ कोर तिकडेही

चाकणला वाहनांच्या सुट्या भागांचं एक मोठं गोदाम आहे. तिथली माणसं फोन हातात धरून रॅकसमोर उभी राहतात आणि एका चौकटीत दिसणारी सगळी लेबलं आमचं अ‍ॅप एकदम वाचतं. वर्षभर हे विनातक्रार चालू होतं. मग त्यांनी फोनांची नवी खेप घेतली आणि दोन दिवसांत आमच्या बाणेरच्या ऑफिसात फोन आला, की अ‍ॅप अडखळतंय, हिरवी चौकट लेबलावर उशिरा बसते.

गोदामाचे व्यवस्थापक स्वतः दोन्ही फोन घेऊन आले. जुना टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी नवा. "अहो, आठ कोर इकडेही, आठ कोर तिकडेही. गिगाहर्ट्झ तोच, रॅमसुद्धा तेवढीच. मग फोन हळू कसा? तुमचं नवं अपडेटच बिघडलंय." त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येत नव्हता. दोन्ही खोक्यांवर खरंच तेच छापलेलं होतं: दोन मोठे कॉर्टेक्स-ए७६ कोर २.२ गिगाहर्ट्झचे, सहा छोटे कॉर्टेक्स-ए५५, आणि एलपीडीडीआर४एक्स रॅम. चिप मात्र दोन वेगळ्या कंपन्यांच्या. त्यांना इथे 'जुनी' आणि 'नवी' एवढंच म्हणतो.

अपडेटचा संशय लगेच फिटला. जुन्या फोनवर तीच आवृत्ती एका फ्रेमला सुमारे ४५ मिलिसेकंद घेत होती, नव्यावर १०५. पुढचा संशय उष्णतेचा. फोन तापला की कोरच्या घड्याळाचा वेग खाली येतो, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये हा संशय पहिल्या पाचात असतोच. पण थंड फोनवर पहिल्याच फ्रेमपासून तोच आकडा येत होता आणि मोठे कोर २.२वर स्थिर होते. आमचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी समांतर चालणारे कामाचे धागे, छोट्या कोरवर ढकलले जातायत का, तेही माझ्या सहकारी अनघाने पाहिलं. नव्हते.

मग ती म्हणाली, "सर, कॅमेरा बंद करून साठवलेल्या फ्रेमवर चालवून बघू का? आणि एकाच थ्रेडवर?" त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. एका थ्रेडवर, कॅमेरा बंद असताना, दोन्ही फोन जवळपास सारखे धावले. दोन थ्रेड केले तर जुन्या फोनवर वेळ जवळजवळ निम्म्यावर आला, नव्यावर थोडासाच घटला. कॅमेरा चालू केल्यावर तर नव्या फोनवर दुसऱ्या थ्रेडचा फायदा दिसेनासाच झाला. कोर कमकुवत असता तर एका थ्रेडवरही मागे पडला असता. इथे एकटा कोर ठीक होता आणि दोघं मिळून कशाला तरी अडत होते. म्हणजे अडचण दोघांच्या सामाईक जागेत.

खात्रीसाठी कोरमधले मोजमाप-काउंटर वाचले:

```
simpleperf stat --app com.example.scan --duration 10 \
  -e instructions,cpu-cycles,raw-stall-backend,raw-l3d-cache-refill
```

एका फ्रेममागे दोन्हीकडे सूचना जवळजवळ तेवढ्याच. नव्या फोनवर सायकल, म्हणजे कोरच्या घड्याळाचे ठोके, मात्र दुपटीहून जास्त, आणि वाढलेल्या सायकली बहुतांश `raw-stall-backend`मध्ये, म्हणजे कोर हात बांधून डेटाची वाट पाहत होता. शेवटचा काउंटरही फुगलेला होता. कॅश म्हणजे कोरजवळची छोटी पण रॅमहून वेगवान मेमरी, आणि तिच्या पातळ्या असतात. तिसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये हवा तो डेटा सापडला नाही आणि बाहेरून आणावा लागला, याची ती मोजणी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण खोक्यावर ती कधीच नसते. कॉर्टेक्स-ए७६ हे आर्म कंपनीचं डिझाइन. चिप बनवणारे ते विकत घेतात आणि कोरभोवती किती कॅश लावायची ते स्वतः ठरवतात. ए७६मध्ये पहिल्या पातळीची कॅश ठरलेली असते, डेटाला ६४ किलोबाइट. दुसऱ्या पातळीची प्रत्येक कोरची खाजगी कॅश १२८, २५६ किंवा ५१२ किलोबाइट यांतून निवडता येते. सगळ्या कोरना मिळून असलेली तिसरी पातळीही चिप बनवणाऱ्यानेच ठरवायची. कॅश सिलिकॉनवर बरीच जागा खाते आणि जागा म्हणजे पैसा. स्वस्त चिपमध्ये पहिली कात्री तिथेच लागते, कारण कोर कमी केले तर गिऱ्हाइकाला दिसतं, कॅश कमी केली तर दिसत नाही.

नव्या चिपमध्ये किती आहे हे शोधायला जुनं, भरवशाचं साधन वापरलं:

```
adb shell taskset 80 /data/local/tmp/lat_mem_rd -t 16 64
```

`taskset 80` म्हणजे फक्त शेवटच्या, मोठ्या कोरवर चालव. हा कार्यक्रम आधी छोट्या, मग वाढत्या आकाराच्या मेमरीत उड्या मारतो आणि एका उडीला किती नॅनोसेकंद लागले ते छापतो. आलेख पायऱ्यांचा निघतो. ६४ किलोबाइटपर्यंत दोन नॅनोसेकंदांच्या आत, दुसऱ्या पातळीत चार-पाच, तिसऱ्यात पंधरा-वीसच्या आसपास, आणि कॅश संपून रॅमकडे जावं लागलं की शंभराच्या वर. पायरी जिथे चढते तो कॅशचा आकार. जुन्या चिपवर पायऱ्या ५१२ किलोबाइट आणि २ मेगाबाइटजवळ होत्या, नवीवर २५६ किलोबाइट आणि १ मेगाबाइटजवळ. प्रत्यक्षात कडा थोड्या गोलसर येतात, कारण पत्ते शोधायचा खर्चही त्यात मिसळतो. पण निम्मं-दुप्पट ओळखायला एवढं पुरतं.

आता आमच्या कोडकडे. फ्रेम ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० उंच, आणि तिच्यावर सहा फेऱ्या होतात: धूसर करणं, कडा काढणं वगैरे. मधली प्रत बिंदूमागे चार बाइटची. अख्खी फ्रेम एकदम घेतली तर ४८ मेगाबाइट, कुठल्याच कॅशमध्ये मावणार नाही. म्हणून फार पूर्वी कुणीतरी शहाणपणाने १६ ओळींच्या पट्ट्या पाडल्या होत्या. एका पट्टीवर सहाही फेऱ्या उरकायच्या, मगच पुढची घ्यायची. पट्टीचा हिशेब असा: ४००० गुणिले १६ गुणिले ४, म्हणजे २५६ किलोबाइट. एक प्रत वाचायला, एक लिहायला, म्हणून थ्रेडमागे साधारण ५१२ किलोबाइट. दोन थ्रेडना एक मेगाबाइट.

जुन्या चिपवर हे आरामात बसत होतं. नव्यावर एकच थ्रेड बसत होता. दोन थ्रेडचा एक मेगाबाइट नेमका तिसऱ्या पातळीएवढा, आणि त्या कॅशमध्ये कॅमेऱ्याचे, स्क्रीनचे आणि बाकीच्या अ‍ॅपचे थ्रेडही वाटेकरी. म्हणजे जागा थोडीशीच कमी पडत होती. पण सहा फेऱ्या त्याच पट्टीवरून पुन्हा पुन्हा जातात, आणि कॅश साधारणपणे सगळ्यात जुना डेटा बाहेर टाकते. पुढच्या फेरीला नेमका तोच डेटा हवा असतो. उणीव दहा टक्क्यांची असली तरी फटका जवळजवळ सगळ्या डेटाला बसतो.

बाहेर पडलेला डेटा जातो कुठे? रॅमकडे. एका फेरीला ४८ मेगाबाइट वाचायचे, ४८ लिहायचे. सहा फेऱ्यांना ५७६ मेगाबाइट, तेही एका फ्रेमसाठी. आणि इथे नव्या चिपची दुसरी काटकसर समोर आली. दोन्हीकडची रॅम सेकंदाला ४२६६ दशलक्ष हस्तांतरणांचीच. फरक तारांच्या संख्येत होता: जुन्यात ६४ बिटांचा मार्ग, नव्यात ३२. गुणाकार करून आठाने भागलं की जुन्याची कमाल सेकंदाला ३४ गिगाबाइट येते, नव्याची १७. ही कमाल कागदावरची. तिच्यातून स्क्रीन, ग्राफिक्स आणि कॅमेऱ्याचा वाटा जातो, आणि उरलेली पूर्ण कधीच हाती लागत नाही. आमच्या दोन कोरना सहा-सात गिगाबाइट मिळत असतील असं धरलं तर ५७६ मेगाबाइटला ऐंशी-नव्वद मिलिसेकंद लागतात. मोजलेल्या १०५शी हे बऱ्यापैकी जुळत होतं.

व्यवस्थापकांना हे सांगताना मी त्यांच्याच गावचा दाखला दिला. कारखान्यात आठ लाईन आहेत, पण आत कच्चा माल ठेवायला जागा कमी आणि गेटबाहेरचा रस्ता एकपदरी, तर लाईन वाढवून उपयोग काय? ते हसले. "म्हणजे चाकण चौक." पुढे समजावायची गरज पडली नाही.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली आणि दोन्ही वेगवेगळे मोजले, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आधी फक्त पट्टी १६ वरून ८ ओळींवर आणली. दोन थ्रेडचे मिळून ५१२ किलोबाइट झाले आणि नव्या फोनचा आकडा १०५ वरून ६५वर आला. मग चार बाइटच्या दशांशाऐवजी दोन बाइटचे पूर्णांक वापरले. थ्रेडमागे १२८ किलोबाइट, म्हणजे ते थेट दुसऱ्या पातळीच्या खाजगी कॅशमध्ये बसले, शेजाऱ्यांशी भांडण नको. नवा फोन ४०वर, जुना ३३वर. या दुसऱ्या टप्प्याचं सगळं श्रेय कॅशला देता येत नाही. दोन बाइटचे आकडे प्रोसेसर एका सूचनेत चारऐवजी आठ घेतो, म्हणून गणितही हलकं झालं. जुना फोन सुधारला तो मुख्यतः त्यामुळे.

पट्टी आणखी बारीक का नाही? ४ ओळी करून पाहिल्या, वेळ परत वाढला. बिंदूभोवतीचे शेजारी लागतात, त्यामुळे आधीच्या पट्टीच्या काही ओळी सांभाळाव्या लागतात. पट्टी लहान झाली की ही सांभाळणीच जड होते.

महागड्या फोनमध्येही हा खेळ चालतो. २०२१च्या अखेरीस जाहीर झालेल्या डायमेन्सिटी ९००० आणि स्नॅपड्रॅगन ८ जेन १ या दोन्हींत एक एक्स२, तीन ए७१० आणि चार ए५१०, अशी कोरची मांडणी तंतोतंत सारखी. तिसऱ्या पातळीची कॅश मात्र पहिल्यात ८ मेगाबाइट, दुसऱ्यात ६. त्यांच्या कामगिरीतला सगळा फरक यातून येतो असं मी म्हणणार नाही, कारण त्या दोन वेगळ्या कारखान्यांत वेगळ्या पद्धतीने बनल्या. आमच्या दोन फोनांत तुलना सोपी होती, एवढंच.

गोदामाला आणखी फोन घ्यायचे होते. कॅश किती, मार्ग किती बिटांचा, हे विक्रेत्याला विचारलं तर तो रॅमचे गिगाबाइट सांगू लागला. म्हणून अनघाने एक छोटं चाचणी-अ‍ॅप करून दिलं. ते कॅमेरा चालू ठेवून मुद्दाम जुन्या, १६ ओळींच्या पट्ट्यांचं काम आधी एका थ्रेडवर चालवतं आणि मग दोनवर. दोन थ्रेडचा वेग एकाच्या दीडपटही झाला नाही, तर तो फोन घ्यायचा नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.