कॉलेजला कार्यशाळेचा ईमेल पाठवताना

लग्नांचे व्हिडिओ करतो, पण पावसाळ्यात हात रिकामे असतात. म्हणून गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी व्हिडिओ बनवण्याची सशुल्क कार्यशाळा घ्यायचं ठरवलं. ईमेल लिहिण्याआधी ऑफिसात फोन केला. तिथले भाऊसाहेब म्हणाले, "प्राचार्यांच्या नावाने पाठवा, विभागप्रमुखांना कॉपी ठेवा. आणि सगळं एका पानात बसवा, प्रिंट काढून फाईलला लावावं लागतं."

या शेवटच्या वाक्याने काम सोपं झालं. प्रिंटवर लिंक उघडत नाही, त्यामुळे जुन्या कामांच्या लिंका देऊन भागणार नव्हतं. विषयाच्या ओळीतच सगळं आणलं: 'पत्रकारिता विभागातील विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची मोबाइल व्हिडिओ कार्यशाळा (सशुल्क) : प्रस्ताव'. 'सशुल्क' हा शब्द मुद्दाम वरच घातला. पैशांचा विषय चौथ्या भेटीत निघाला की "आम्ही प्रमाणपत्र देऊ ना" असं ऐकावं लागतं.

मजकुरात आधी विद्यार्थ्यांच्या हाती काय पडेल ते लिहिलं: ४० विद्यार्थी, चार-चार जणांचे दहा गट, प्रत्येक गटाचा एका मिनिटाचा पूर्ण झालेला व्हिडिओ. कॅमेरे लागणार नाहीत, गटात एक चांगला फोन पुरे. कॉलेजकडून हॉल, प्रोजेक्टर आणि स्पीकर हवेत. शूटिंग आवारातच. रामकुंडावर नेलं असतं तर मुलांना मजा आली असती, पण बाहेर न्यायचं म्हटलं की पालकांची संमतीपत्रं आणि सोबत शिक्षक, आणि प्रस्ताव तिथेच अडकतो.

दर असा मांडला: 'एकूण १४,००० रुपये. विद्यार्थ्यांकडून घेतल्यास ४० जणांमागे प्रत्येकी ३५०, किंवा कॉलेजने आपल्या निधीतून द्यावेत. विद्यार्थी कमी आले तरी रक्कम तीच राहील.' नुसता माणशी दर दिला असता, तर पंधराच नावं आल्यावर माझे दोन दिवस सव्वापाच हजारात गेले असते. शिवाय उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने मी जीएसटी नोंदणी केलेली नाही, हीही ओळ घातली. बिल आल्यावर अकाउंट्सवाले हे विचारतातच.

तारखा दोन सुचवल्या, दोन्ही अंतर्गत परीक्षांच्या आधीच्या.

उत्तर येईना, तेव्हा विभागप्रमुख मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, बजेट बसत नाही. दहात होईल का?" दर पाडला असता तर पुढच्या वर्षीही तोच दर धरला गेला असता. म्हणून काम कमी केलं: एकच दिवस, शूटिंग आणि आवाज शिकवायचा, एडिटिंग वगळायचं, ८,००० रुपये. मॅडमना विचारलं, "यात पूर्ण व्हिडिओ होणार नाही, चालेल?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही, मुलांनी काहीतरी दाखवायला हवं. दोन दिवसच ठेवा, निम्मे मुलांकडून घेऊ."

मंजुरीचं पत्र प्राचार्यांच्या सहीने ईमेलवर आलं. त्यात रक्कम आणि तारीख दोन्ही होती, पण पैसे कधी देणार ते नव्हतं. तेवढं उलट ईमेलने लिहून घेतलं: बिल, पॅन आणि रद्द केलेला चेक दिल्यापासून तीस दिवसांत.