पाहुणे महाडला, रेड अलर्ट घाटमाथ्यावर

जुलैमधला शुक्रवार. शनिवारी येणाऱ्या पाहुण्यांची यादी आणि हवामान खात्याचं दुपारचं पत्रक, दोन्ही एकाच वेळी टेबलावर आली. पत्रकात सातारा जिल्ह्याच्या सपाट भागाला यलो आणि सातारा घाटमाथ्याला रेड अलर्ट होता. महाबळेश्वरातल्या रिसॉर्टचं बुकिंग आणि फ्रंट ऑफिस सांभाळताना या दोन ओळींतला फरक रोज पाहावा लागतो. पाहुणे मोबाइलवर 'सातारा' टाकतात, त्यांना रिमझिम दिसते आणि आम्ही उगाच घाबरवतो असं वाटतं. वाईत तर कधीकधी रस्ता कोरडा असतो, आणि त्याच वेळी वर धुक्यात समोरची गाडी दिसत नसते.

रेड म्हणजे चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची शक्यता. महाबळेश्वरला हा आकडा मोठा वाटत नाही. 23 जुलै 2021 च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत इथे 594 मिलिमीटर पडला होता. त्याच पावसात डोंगराच्या खालच्या अंगाला, महाड तालुक्यात, तळिये गावावर दरड आली आणि आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. त्यामुळे रेड दिसला की यादी चेक-इनच्या वेळेनुसार लावायची नाही, रस्त्यानुसार लावायची. जून ते सप्टेंबर बुकिंग घेतानाच आम्ही विचारतो: कुठून निघणार, कोणत्या घाटाने येणार, आदल्या रात्री मुक्काम कुठे. त्याचे तीन गट पडतात. पुणे-मुंबईकडून वाईमार्गे पसरणी घाट, साताऱ्याहून मेढामार्गे केळघर घाट आणि कोकणातून पोलादपूरमार्गे आंबेनळी.

पहिले फोन आंबेनळीवाल्यांना. हा घाट महाबळेश्वरहून प्रतापगडाच्या फाट्यावरून कोकणात उतरतो. एका बाजूला उभा कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि मधे गाव फार थोडं. इथल्या डोंगरात वर जांभा आणि खाली काळा कातळ असतो. जांभ्याला भोकं असतात, पाणी त्यातून मुरतं. खालच्या कातळापर्यंत आलं की तिथल्या मऊ, चिकण थरावर साठतं आणि वरची माती त्या ओल्या थरावरून घसरते. रस्ता काढताना उताराचा पायथा आधीच कापलेला असतो, म्हणून ती थेट रस्त्यावर येते. त्यात रस्त्याखालची मोरी पालापाचोळ्याने तुंबली तर पाणी रस्त्यावरून वाहतं आणि दरीकडची बाजू खालून पोखरली जाते. वरून डांबर शाबूत दिसतं. म्हणून पाऊस थांबल्यावरही लगेच निघायचं नसतं. मुरलेलं पाणी डोंगरातून बाहेर पडायला वेळ घेतं आणि काही दरडी उघडिपीतच येतात.

त्या दिवशी आंबेनळीच्या गटात एकच बुकिंग होतं. डोंबिवलीचं कुटुंब, दोन खोल्या, दोन रात्री, बरोबर सत्तरीच्या आजी. गुरुवारी रायगड पाहून ते महाडला हॉटेलात उतरले होते आणि शनिवारी सकाळी वर येणार होते. मॅपवर महाड ते महाबळेश्वर सगळ्यात सोपा रस्ता हाच दिसतो. फोन मुलाने उचलला.

"साहेब, उद्या घाटमाथ्यावर रेड अलर्ट आहे. आंबेनळीने येऊ नका."

"मग वरंध्याने येतो की भोरला. नाहीतर ताम्हिणीने पुण्याला जाऊन वाईवरून?"

जवळजवळ प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारतो. दुसरा रस्ता सुचवण्याचा मोह आम्हालाही होतो, कारण पाहुणा आला तर खोली भरते. पण वरंध, ताम्हिणी, दक्षिणेकडचा कुंभार्ली, सगळे त्याच सह्याद्रीच्या त्याच पावसात असतात. वरंध घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंदच असतो. कोकणातून घाटमाथ्यावर चढायचा सुरक्षित रस्ता रेड अलर्टच्या दिवशी नसतो, हे सरळ सांगावं लागतं. मी त्यांना महाडलाही थांबू नका म्हटलं. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी सावित्रीतून महाडला उतरतं आणि भरतीची वेळ गाठली तर शहरात शिरतं. उजेडात, शुक्रवारीच, महामार्गाने पनवेलकडे निघा आणि घर गाठा, इतकंच.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग खरा प्रश्न आला. "पण पैशांचं काय?"

पावसाळ्यातली सूचना इथेच टिकते किंवा पडते, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी बारा हजार आगाऊ भरले होते: खोलीचं भाडं रात्रीला सहा हजार, दोन खोल्या, दोन रात्री, म्हणजे चोवीस हजार, त्याचे निम्मे. ते बुडणार असं वाटलं तर माणूस दरडीखालून गाडी घालतो. "काळजी घ्या, सुरक्षित प्रवास करा" असं लिहून खाली "रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत" अशी अट ठेवली, तर पाहुणा दुसरीच ओळ पाळतो. म्हणून तारीख बदलण्याची मुभा हीच मुळात सुरक्षेची सूचना आहे. ऑरेंज किंवा रेड असेल तर आमच्याकडे तारीख फुकट बदलते, 30 सप्टेंबरपर्यंत कधीही, आणि निघायच्या दिवशी सकाळीसुद्धा.

मुभा म्हणजे नेमकं काय, हेही त्याच फोनवर सांगायचं, नाहीतर नंतर भांडण होतं. त्यांना 15 ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी हवी होती. त्या दिवसांचं भाडं साडेआठ हजार, म्हणजे चार खोली-रात्रींचे दहा हजार जास्त. तारीख बदलण्याचे पैसे नाहीत, भाड्यातला फरक मात्र द्यावा लागेल, हे दोन वेगवेगळे मुद्दे मी सुटे करून सांगितले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार आले तर भाडं तेच, फरक शून्य. त्यांनी ते घेतलं.

एक अडचण उरली होती. बुकिंग त्यांनी ट्रॅव्हल पोर्टलवरून केलं होतं. अशा बुकिंगची तारीख आम्ही फक्त आमच्या रजिस्टरमध्ये बदलली, तर पोर्टलच्या लेखी पाहुणा आलाच नाही असं होतं, 'नो-शो' पडतो आणि पैसे कापले जातात. म्हणून बदलाची विनंती पाहुण्याने पोर्टलच्या ॲपमधूनच टाकायची आणि आम्ही ती शुल्क न लावता मंजूर करायची. ती विनंती जाऊन, मंजूर होऊन, नव्या तारखेचं कन्फर्मेशन त्यांच्या फोनवर येईपर्यंत मी लाइनवर राहिलो. दहा मिनिटं गेली, पण घाटमाथ्यावरची वीज आणि नेटवर्क गेल्यावर हे काम करता येत नाही. आजींची खोली तेव्हाच तळमजल्याची लिहून घेतली.

मग बाकीच्यांना मेसेज गेला. फॉरवर्ड केलेला लांबलचक मजकूर कोणी वाचत नाही, म्हणून तो एवढाच ठेवतो:

"शनिवारी महाबळेश्वर घाटमाथ्यावर रेड अलर्ट आहे. निघू नका. मॅपवर रस्ता चालू दिसला तरी निघू नका. 30 सप्टेंबरपर्यंतची कोणतीही तारीख कळवा, बदलाचे पैसे नाहीत. आधीच निघाला असाल तर गाडी गावात थांबवून फोन करा. या मेसेजला 'मिळाला' असं उत्तर द्या."

काय करायचं ते सुरुवातीलाच, कारण नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं. 'गावात थांबवून' मुद्दाम आहे. घाटात लोक धबधब्याखाली थांबतात, तिथे डोक्यावर सुटे दगड असतात. नाहीतर दरीकडच्या साइडपट्टीवर चाक उतरवतात, ती भिजून मऊ झालेली असते. 'मिळाला' हे उत्तर तासाभरात आलं नाही, तर फोन करायचा.

ऑरेंजच्या दिवशी मजकूर वेगळा असतो, कारण तेव्हा पसरणी घाटाने येता येतं. वाई दुपारी तीनच्या आत सोडा. पेट्रोल आणि रोख पैसे वाईतच घ्या, वर वीज गेली की यूपीआय चालत नाही. धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा, अपरचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. रस्त्यावर बारीक खडे पडताना दिसले, डोंगरातून येणारं स्वच्छ पाणी अचानक लाल-गढूळ झालं किंवा झाड रस्त्याकडे कललेलं दिसलं तर पुढे जायचं नाही. मागच्या गाड्यांना सावध करत परत फिरायचं आणि जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 वर कळवायचं.

संध्याकाळी पुण्याहून निघालेल्या एका जोडप्याचा फोन पाचगणीतून आला. मेसेज मिळायच्या आतच ते पसरणी चढून आले होते. उरले होते 19 किलोमीटर, पण धुकं दाट आणि अंधार पडायला आलेला. त्यांना पाचगणीतच खोली घ्यायला सांगितलं आणि आमची रात्र पुढे ढकलली. थोडंच राहिलंय म्हणून पुढे येणं सगळ्यात धोक्याचं, कारण तोवर चालक दमलेला असतो.

आत असलेल्यांसाठी वेगळी तयारी. शनिवारी जाणाऱ्यांना खोली सोडायची घाई करू नका असं सांगितलं आणि वाढीव रात्र निम्म्या दरात दिली. माळ्यांनी संध्याकाळीच पार्किंगपासून कॉटेजपर्यंतच्या जांभ्याच्या पायऱ्या साफ करायला घेतल्या. नवा जांभा खरबरीत असतो, पण आठवडाभर ऊन नसलं की त्याच्यावर काळपट हिरवा पापुद्रा चढतो, विशेषतः पायरीच्या कडेला, नेमका पाय टेकतो तिथे. ओल्या चपलेने कड घासून पाहिली की कळतं. दहा लिटरच्या बादलीत शंभर ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ते पाणी पायरीवर ओतून वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग पायरी तारेच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायची. वाफ्यांकडे पाणी जाऊ द्यायचं नाही. लाकडी डेकवर हे पुरत नाही, तिथे काथ्याच्या चटया खिळवाव्या लागतात. पाहुणे घसरतात ते बहुतेक आल्याआल्या, दोन्ही हातांत बॅगा आणि पायांत गुळगुळीत सँडल असताना. म्हणून बॅगा आमची मुलं उचलतात आणि खाचा असलेले रबरी तळाचे बूट आणा, ही ओळ बुकिंगच्या पहिल्याच मेसेजमध्ये जाते.

शनिवारी सकाळी आंबेनळीत दरड आल्याचा निरोप आला. जेसीबीने रस्ता मोकळा झाला तरी आम्ही तो रविवारच्या यादीत चालू धरला नाही. वाहतूक सुरू झाल्याचं प्रशासनाने जाहीर केल्यावर आणि घाटमाथ्याचा इशारा यलोवर उतरल्यावरच त्या रस्त्याने येणाऱ्यांना 'या' म्हणायचं असं ठरलेलं आहे. रविवारच्या चार बुकिंगना शनिवारी दुपारीच तारीख बदलण्याचा मेसेज गेला. तिघांनी बदलली, एक जण साताऱ्यातच थांबला आणि सोमवारी केळघर घाटाने दिवसाउजेडी वर आला.